पासवर्डची यादी दिली म्हणजे वेबसाइट सोपवली असं होत नाही

प्रश्न : मी फ्रीलान्स वेबसाइट करून देते. चार वर्षांपूर्वी सांगलीतल्या एका हळद-बेदाण्याच्या दुकानाची वेबसाइट केली. वर्डप्रेसवर आहे, ऑनलाइन ऑर्डरी येतात. डोमेन आणि होस्टिंग माझ्याच खात्यात आहे. दरवर्षी माझ्या कार्डावरून पैसे जातात आणि दुकानाचे काका ते मला देतात. आता मला बंगळुरूला नोकरी लागली आहे, पुढच्या महिन्यात रुजू व्हायचंय. सगळे पासवर्ड एक्सेलमध्ये लिहून काकांना व्हॉट्सअॅपवर पाठवावेत असा विचार आहे. पण काका म्हणतात, "मला काय कळतंय त्यातलं? तुझ्याकडेच राहू दे." डोमेन फेब्रुवारीत संपतं. यादी पुरेशी आहे का, की काका म्हणतात तसं माझ्याकडेच ठेवू?
— एक वाचक, सांगली

उत्तर : यादी पाठवली आणि तुम्ही बंगळुरूला गेलात, असं धरू. फेब्रुवारीत काका यादी उघडतात आणि डोमेन कंपनीच्या साइटवर पासवर्ड टाकतात. पासवर्ड बरोबर आहे. मग स्क्रीनवर येतं की नोंदवलेल्या मोबाइलवर ओटीपी पाठवला आहे. तो मोबाइल तुमचा, आणि तुम्ही मीटिंगमध्ये. 'पासवर्ड विसरलात?' दाबून बघितलं, तर नव्या पासवर्डची मेल तुमच्या जीमेलवर. यादीतली जवळजवळ प्रत्येक ओळ अशी फिरून तुमच्यापाशीच येते. सोपवायचं असतं ते खात्यामागचं ईमेल, मोबाइल नंबर, नाव आणि कार्ड. पासवर्ड बदलणं हे त्यातलं सगळ्यात शेवटचं आणि सगळ्यात सोपं काम.

आता काकांचं म्हणणं. त्यांचा विश्वास आहे म्हणून ते तसं म्हणतात, आणि तुम्हाला नाही म्हणणं जड जातंय हे पत्रात दिसतं. पण "मला कळत नाही" हे तसंच्या तसं धरू नका. जो माणूस खाद्यपदार्थांचा परवाना वेळेवर नूतनीकरण करतो, काट्याची पडताळणी करून घेतो, जीएसटीचा भरणा चुकवत नाही, त्याला "अमुक तारखेच्या आत अमुक ठिकाणी पैसे भरा" हे नक्की कळतं. वेबसाइट कशी बनते ते त्यांना कळायची गरज नाही. आजवर त्यांच्यासमोर ती तारीख आणि ते ठिकाण कधी आलंच नाही, एवढंच झालंय. शिवाय बिल तुमच्या नावावर आहे तोवर त्यांना त्या खर्चावरचा जीएसटी परत मिळवता येत नाही. हे त्यांना सांगून बघा, व्यापाऱ्याला हा मुद्दा पटकन पटतो. आणि तुमच्या बाजूनेही बघा : नव्या नोकरीच्या करारात बाहेरची कामं करायला मनाई असू शकते. उद्या तुमचा नंबर बदलला, तुम्ही आजारी पडलात, तर एका दुकानाचा ऑनलाइन धंदा तुमच्या फोनवर अडून बसेल. हे ओझं तुम्ही घेऊ नये आणि त्यांनी ते तुमच्यावर टाकूही नये.

सुरुवात ईमेलपासून करा. दुकानासाठी एक नवं जीमेल खातं काकांच्या फोनवर, काकांच्या नंबरावर उघडा. नंबर त्यांच्या स्वतःच्या नावावरच्या सिमचा हवा, दुकानातल्या पोऱ्याचा नको. दोन टप्प्यांची पडताळणी चालू करा आणि गूगल दहा बॅकअप कोड देतं ते छापून घ्या. प्रत्येक कोड एकदाच चालतो. फोन हरवला की हेच कामाला येतात, म्हणून तो कागद तिजोरीत, फोनच्या कव्हरमध्ये नव्हे. रिकव्हरीसाठी घरातल्या दुसऱ्या कोणाचा तरी नंबर द्या, तुमचा नको.

इथे एक चूक फार जण करतात. दुकानाच्या डोमेनवर `info@` असा सुबक ईमेल पत्ता असतो, तोच डोमेन कंपनीच्या खात्याला लावतात. डोमेनची मुदत संपली की तो ईमेल बंद पडतो, आणि डोमेन सोडवण्यासाठी लागणारी मेल नेमकी त्याच बंद पडलेल्या पेटीत जाते. म्हणून डोमेनचं खातं त्या डोमेनवरच्या ईमेलवर कधीच ठेवायचं नाही.

ईमेल झालं की डोमेन. ते `.com` आहे असं धरून लिहितो. दुसऱ्या कंपनीकडे हलवायच्या भानगडीत आत्ता पडू नका. नोंदणीदाराचं नाव किंवा ईमेल बदललं की बऱ्याचदा साठ दिवस दुसऱ्या कंपनीत जाण्यावर बंदी लागते आणि तुमच्याकडे एकच महिना आहे. त्याच कंपनीत काकांच्या नव्या जीमेलवर खातं उघडा आणि तुमच्या खात्यातून डोमेन त्यांच्या खात्यात सरकवा. बहुतेक कंपन्यांत ही सोय असते.

त्याआधी डीएनएसच्या, म्हणजे साइट आणि मेल कुठे पोचवायची ते सांगणाऱ्या नोंदींच्या, पानाचा पूर्ण स्क्रीनशॉट घ्या, त्यातल्या `A`, `MX` आणि `TXT` या नोंदींसकट. खातं बदलताना कधीकधी या नोंदी कोऱ्या होतात. साइट उघडत नाही हे लगेच दिसतं, पण `MX` उडाली तर साइट चालू राहते आणि मेल येणं बंद होतं. ते दोन-चार दिवस कोणाच्या लक्षातही येत नाही. म्हणून डोमेन सरकवल्यावर बाहेरच्या पत्त्यावरून दुकानाच्या ईमेलवर एक मेल टाकून बघा.

मग `Registrant` या रकान्यात काकांचं किंवा दुकानाचं नाव, त्यांचा पत्ता, तेच जीमेल. माहिती बदलली की पडताळणीची मेल येते. त्यातल्या लिंकवर पंधरा दिवसांत टिचकी मारली नाही, तर चालू मुदतीतलं डोमेनसुद्धा स्थगित होऊ शकतं. ती मेल काकांच्या जीमेलवर येणार, म्हणून तुम्ही शेजारी बसलेल्या असतानाच ती उघडून मोकळ्या व्हा. बाहेरून बघणाऱ्याला गोपनीयतेच्या सोयीमुळे नाव झाकलेलं दिसतं, तेव्हा नाव बदललं की नाही हे खात्यात शिरूनच तपासा.

फेब्रुवारीची तारीख चुकली तर काय होतं, हे काकांना एकदा नीट सांगा. नियमाप्रमाणे कंपनीने मुदतीच्या साधारण एक महिना आणि एक आठवडा आधी, आणि संपल्यावर पाच दिवसांच्या आत अशा सूचना नोंदणीदाराला पाठवायच्या असतात. आजवर त्या तुम्हाला येत होत्या. मुदत संपल्यावर काही दिवस नेहमीच्या दराने भरता येतं. किती दिवस, ते कंपनीवर असतं. मग तीस दिवसांचा असा काळ येतो की डोमेन परत मिळतं, पण दंड धरून रक्कम नेहमीच्या कित्येक पट होते. त्यानंतर पाच दिवस ते कोणालाच घेता येत नाही, आणि मग ज्याला हवं त्याला खुलं. फेब्रुवारी म्हणजे सांगलीच्या बाजारात नवी हळद यायचे दिवस. त्यावेळी साइट बंद असणं परवडणारं नाही. तुम्ही जायच्या आधीच काकांच्या कार्डावरून तीन किंवा पाच वर्षांचं एकदम भरून टाका. दहा वर्षांपर्यंत भरता येतं.

'ऑटो-रिन्यू चालू आहे' यावर मात्र विसंबू नका. ऑक्टोबर २०२१ पासून रिझर्व्ह बँकेच्या नियमांनुसार कार्डावरून आपोआप पैसे कापायला आधी परवानगी नोंदवावी लागते, कापण्याच्या किमान चोवीस तास आधी सूचना येते आणि आता पंधरा हजार रुपयांच्या वरच्या रकमेला ओटीपी लागतो. परदेशी कंपन्यांच्या बिलात ही परवानगी नोंदलेलीच नसते असं पुष्कळदा होतं. बटण हिरवं दिसतं आणि त्या दिवशी कार्ड नाकारलं जातं. कार्डाची स्वतःची मुदत संपते ती वेगळीच. ऑटो-रिन्यू चालू ठेवा, पण परवाना आणि काट्याच्या तारखा काका जिथे लिहितात तिथेच डोमेन आणि होस्टिंगच्या तारखाही लिहा, मुदतीच्या महिनाभर आधीच्या.

होस्टिंगचंही असंच. एसएसएल प्रमाणपत्र बहुतेक होस्टिंगवर फुकटचं आणि आपोआप नवं होणारं असतं. ते लेट्स एन्क्रिप्टचं असेल तर त्यांनी जून २०२५ पासून मुदतीच्या आठवणीच्या मेल पाठवणं बंद केलं आहे. म्हणजे ते अडलं, तर पहिली खबर गिऱ्हाइकाच्या फोनवर दिसणारी 'सुरक्षित नाही' ही पाटी देईल. महिन्यातून एकदा काकांनी स्वतःच्या फोनवर साइट उघडून एक उत्पादन पिशवीत टाकून बघायचं, एवढं ठरवून द्या. विकत घेतलेली थीम किंवा प्लगिन तुमच्या परवान्यावर चालत असतील तर त्यांची नावं आणि नूतनीकरणाची रक्कम कागदावर येऊ द्या. परवाना संपला तरी साइट बहुधा चालते, पण नवे अपडेट थांबतात आणि जुन्या फटींतून हॅकर शिरतात.

वर्डप्रेसच्या आत तीन जागा बघा. `Settings → General` मधला `Administration Email Address` काकांचा करा. नवी ऑर्डर आल्याची मेल कोणाला जाते ते वूकॉमर्समध्ये `WooCommerce → Settings → Emails → New order` इथे दिसतं. तिथे तुमचाच पत्ता असेल, आणि आजवर तुम्ही ऑर्डरी काकांना पुढे ढकलत असाल, तर तुम्ही गेल्यावर ऑर्डरी येत राहतील आणि त्या कोणाला दिसणारही नाहीत. तिसरं म्हणजे तुमचा स्वतःचा यूजर. काकांचा अॅडमिन यूजर आधी चालवून बघा आणि मगच तुमचा काढा. काढताना वर्डप्रेस विचारतं की या यूजरच्या मजकुराचं काय करायचं. तिथे `Attribute all content to` निवडून काकांचं नाव द्या. दुसरा पर्याय निवडला तर चार वर्षांत तुम्ही चढवलेली पानं आणि फोटोही यूजरबरोबर जातात.

बॅकअपवर जरा जास्त थांबतो, कारण 'बॅकअप आहे' असं सगळेच सांगतात आणि तो परत चढवून कोणीच बघितलेला नसतो. वर्डप्रेसचे दोन भाग असतात. फोटो, थीम, प्लगिन या फायली एकीकडे आणि ऑर्डरी, गिऱ्हाइकं, दर हे सगळं डेटाबेसमध्ये. दोन्ही मिळाले तरच साइट उभी राहते. तुम्ही अपड्राफ्टप्लससारखं प्लगिन लावलं असेल तर ते कोणाच्या गूगल ड्राइव्हला जोडलेलं आहे ते आधी बघा. बहुधा तुमच्याच. मग काकांच्या साइटचा बॅकअप तुमच्या ड्राइव्हमध्ये पडत राहणार, आणि तुम्ही कधीतरी जागा मोकळी करताना तो पुसणार.

तो काकांच्या बाजूला जोडा, पण वर उघडलेल्या मुख्य जीमेलला नको. फुकट गूगल खात्याला पंधरा जीबी मिळतात आणि ती जागा ड्राइव्ह आणि जीमेल मिळून असते. समजा फायली दीड जीबी आहेत आणि दर आठवड्याला एक संच साठतोय. दहा आठवड्यांत पंधरा जीबी भरले. भरले की बॅकअप थांबतो आणि त्या जीमेलवर नवी मेल येणंही थांबतं, त्यात डोमेनच्या सूचनाही आल्या. म्हणून बॅकअपसाठी वेगळं खातं. आणि किती संच ठेवायचे त्याचा आकडा स्वतः घाला. अपड्राफ्टप्लसमध्ये तो मुळात दोन असतो. रोजचा बॅकअप आणि दोनच संच, म्हणजे हाताशी फक्त दोन दिवसांचा इतिहास. हॅक झाल्याचं आठ दिवसांनी कळलं तर दोन्ही संच बिघडलेलेच निघतील. या दुकानासाठी डेटाबेस रोज घ्या आणि तीस संच ठेवा, फायली आठवड्याला आणि चार संच. डेटाबेस वीस एमबीचा धरला तर सगळं मिळून साधारण साडेसहा जीबी, आरामात बसतं. महिन्यातून एकदा त्यातला एक संच दुकानातल्या हार्ड डिस्कवर. होस्टिंग कंपनीचा स्वतःचा बॅकअप असला तरी तो त्याच खात्यात असतो. खातं बंद झालं की तोही हाताबाहेर जातो.

आणि एकदा तो चढवून बघा. `test` नावाच्या सबडोमेनवर कोरं वर्डप्रेस टाका आणि पासवर्ड लावून ते जगापासून झाका. बॅकअप चढवायच्या आधी होस्टिंगवरूनच त्या जागेची बाहेर जाणारी मेल बंद करा. नाहीतर चाचणीच्या साइटवरूनच खऱ्या गिऱ्हाइकांना मेल सुटतात. चढवल्याबरोबर पेमेंट चाचणीच्या मोडवर टाका. मग एकच खूण शोधा : बॅकअपच्या आदल्या दिवशीची शेवटची ऑर्डर, तिच्या क्रमांकासकट, तिथे दिसते का? फोटो दिसतात आणि ती ऑर्डर नाही, तर डेटाबेस जुना आहे. ऑर्डरी आहेत आणि फोटोंच्या जागी रिकाम्या चौकटी, तर फायलींचा भाग अपुरा आहे. ऑर्डर दिसली की तारीख लिहून ठेवा आणि ती चाचणीची साइट पूर्ण काढून टाका.

पेमेंट गेटवेची केवायसी काकांच्या पॅनवर आणि बँक खात्यावर असणारच, पण लॉगिन तुमच्या ईमेलवर असेल तर तो बदला. साइटला गेटवेशी जोडणाऱ्या नव्या 'की' तयार करा, त्या साइटमध्ये घाला, जुन्या बंद करा आणि पाव किलो हळदीची एक खरी ऑर्डर करून पैसे बँकेत जमा झालेले बघा. गूगल मॅपवरच्या दुकानाच्या नोंदीचं काम पहिल्याच आठवड्यात उरका. काकांना मालक म्हणून जोडल्यावर मुख्य मालकी त्यांच्याकडे द्यायला सात दिवस थांबावं लागतं.

आता 'कोणाला फोन करायचा' तो कागद. इथे बहुतेक जण कंपन्यांची नावं आणि नंबर लिहितात. पण काकांना होस्टिंग बिघडलं की डोमेन, हे कळणार नाही. त्यांना दिसतं ते चिन्ह. म्हणून कागद चिन्हापासून सुरू करा, मराठीत, मोठ्या अक्षरात, काहीसा असा :

> साइट उघडत नाही. वाय-फाय बंद करून मोबाइल डेटावर बघा. तरीही नाही, तर होस्टिंग कंपनी. ग्राहक क्रमांक : ……
>
> स्क्रीनवर मुदत संपल्याचं किंवा डोमेन विक्रीला असल्याचं दिसतं. डोमेन कंपनी. त्याच दिवशी पैसे भरा.
>
> गिऱ्हाइकाचे पैसे कापले, ऑर्डर दिसत नाही. पेमेंट कंपनी. गिऱ्हाइकाकडून व्यवहाराचा क्रमांक घ्या.
>
> ऑर्डरची मेल आली नाही. वर्डप्रेसमध्ये ऑर्डरी बघा. तिथे असेल तर माल पाठवा, मेलचं नंतर बघू.
>
> कोणी फोनवर ओटीपी मागितला. फोन ठेवा. पैसे गेले असतील तर लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन करा.

मदतीचे नंबर गूगलवर शोधून लिहू नका, खात्यात लॉगिन केल्यावर दिसतात तेच घ्या. कस्टमर केअरच्या नावाने खोटे नंबर पसरवलेले असतात. तसंच 'तुमचं डोमेन संपत आहे, इथे भरा' अशा खोट्या मेलही येतात. काकांना एकच नियम द्या : मेलमधल्या लिंकवरून पैसे भरायचे नाहीत, कॉम्प्युटरवर तुम्ही साठवून दिलेल्या बुकमार्कवरूनच साइट उघडायची. कागदावर पासवर्ड नकोत, तो गल्ल्याशेजारी लागणार आहे. पासवर्ड वहीत लिहून बॅकअप कोडांबरोबर तिजोरीत. दुकानदारासाठी कुलपातली वही व्हॉट्सअॅपपेक्षा कितीतरी बरी. व्हॉट्सअॅपवरचा मजकूर फोन बदलला, फोन दुरुस्तीला गेला, घरच्या ग्रुपवर चुकून पुढे गेला, की कुठेही जातो. कागदाच्या तळाशी सांगलीतल्याच दुसऱ्या एखाद्या वेबसाइट करणाऱ्याचं नाव हवं, त्याला आधी विचारून. त्याला काम करायचं असेल तेव्हा वेगळा यूजर द्यायचा आणि काम झालं की काढायचा, हेही तिथेच लिहा.

हे सदर वाचणाऱ्या दुकानदारांना एक विनंती. आज रात्री गल्ला मोजून झाला की आपल्या डोमेनच्या खात्यात शिरता येतं का, तेवढं बघा. येत नसेल तर ज्याने साइट केली त्याच्याशी संबंध चांगले आहेत तोवरच नाव बदलून घ्या. पैशांवरून वाद झाल्यावर हेच काम फार अवघड होतं.

तुमच्या महिन्याची आखणी अशी करा. पहिल्या आठवड्यात ईमेल, डोमेन, गूगल मॅप. दुसऱ्यात होस्टिंग, वर्डप्रेस, पेमेंट. तिसऱ्यात बॅकअप आणि त्याची चाचणी. चौथ्या आठवड्यात एक दुपार काकांबरोबर बसा आणि त्या दुपारी माऊसला हात लावू नका. काकांनी वही काढून डोमेनच्या खात्यात शिरायचं, मुदतीची तारीख वाचून दाखवायची, एक ऑर्डर शोधायची, ड्राइव्हमधला कालचा बॅकअप दाखवायचा. ते जिथे अडतील तिथे कागदावरचं वाक्य बदला, कारण चूक त्या वाक्याची आहे. त्यांचा मुलगा किंवा सून दुकानात बसत असेल तर त्यांनाही बोलवा.

त्यानंतर एक महिना फोनवर मदत करीन आणि त्यापुढे तासाचा अमुक दर, तोही नोकरीत चालत असेल तरच, हे काकांना आत्ताच स्पष्ट सांगा. त्यांना त्याचं वाईट वाटणार नाही. त्या महिन्याच्या शेवटच्या दिवशी सगळे पासवर्ड काकांनी बदलायचे आणि तुमचे उरलेले यूजर काढायचे. काय काय मिळालं त्याच्या यादीवर दोघांच्या सह्या घ्या, एकेक प्रत ठेवा. आणि तुमच्या लॅपटॉपवर आणि ड्राइव्हवर साइटच्या जुन्या प्रती असतील, त्यांत काकांच्या शेकडो गिऱ्हाइकांचे पत्ते आणि फोन नंबर आहेत. त्या पुसा, कचरापेटीही रिकामी करा आणि पुसल्याचं काकांना दोन ओळींत लिहून कळवा.